'थोडा आवाज होईल' म्हणजे किती?

'फ्लॅटमध्ये काम चालू आहे, थोडा आवाज होईल, सहकार्य करावे.' भुकूमच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी लिफ्टमध्ये हीच चिठ्ठी चिकटवली होती. संध्याकाळी दोन मजले खालच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, विचारायला. "अगं, पण कधी? माझा मुलगा नाइट शिफ्ट करून सकाळी आठला झोपतो, तीनला उठतो." माझ्याकडे उत्तरच नव्हतं. चिठ्ठी नम्र होती, पण काकूंच्या काही कामाची नव्हती.

आधी मला वाटलं, दोन मजले खाली कसला आवाज जाणार? पण आरसीसीच्या इमारतीत ड्रिलचा आवाज कॉलम आणि स्लॅबमधून पार खालपर्यंत जातो. खालच्याला वाटतं, बरोबर डोक्यावरच चाललंय. म्हणून फक्त शेजारच्या दाराला सांगून भागत नाही.

मग मी चक्क भोकं मोजली. पडद्याच्या चार रॉडना सोळा, गीझरला दोन, दोन आरशांना चार, टॉवेल रॉडना चार. एकूण सव्वीस. एकाला दीड मिनिट धरलं तर सगळा मिळून आवाज चाळीस मिनिटांचा! 'दिवसभर काम' होतं ते टेप लावून मापं घेण्यात आणि खुणा करण्यात, आणि त्याला आवाज नसतो. तर खुणा आदल्या दिवशी केल्या. एक मात्र आहे: खिडकीवरच्या लिंटेलमध्ये काँक्रीट असतं, तिथे ड्रिल अडतं आणि वेळ वाढतो. बाथरूमच्या टाइलवर तर आधी हॅमर मोड बंद ठेवून हळू जावं लागतं, नाहीतर टाइल तडकते. म्हणून चाळीस मिनिटांसाठी दोन तास मागितले.

दुसरी चिठ्ठी अशी होती:

'शनिवारी दुपारी ४ ते ६ ड्रिलिंग करणार आहोत. सहानंतर आणि रविवारी ड्रिल लावणार नाही. मिस्त्री आले नाहीत तर नवी वेळ आदल्या दिवशी कळवू. परीक्षा, आजारपण, लहान बाळ अशी काही अडचण असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा, वेळ बदलू.' खाली फ्लॅट नंबर आणि माझा मोबाइल.

कायदा काय म्हणतो? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. पण सकाळी नऊला झोपलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? माझं मत विचाराल तर शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीसुद्धा मिस्त्रींना वेळ देण्याच्या आधी लिहायची. वेळ पक्की झाल्यावर 'अडचण असेल तर सांगा' म्हणणं म्हणजे निव्वळ नाटक.

शनिवारी मिस्त्री पावणेपाचला उगवले. सहा वाजता हॉलच्या लिंटेलमधली दोन भोकं राहिली होती. "ताई, पाच मिनिटांत उरकतो," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. हॉलच्या खिडकीला अजून जुनी चादर टांगलेली आहे.