शुभेच्छुक तीस, कवी बेपत्ता

सोलापुरातला कुठलाही फ्लेक्स बघा. तीस शुभेच्छुकांची नावं, फोटोंसकट. खालच्या कोपऱ्यात फ्लेक्सवाल्याचा मोबाइल नंबरही. मधोमध मोठ्या अक्षरांत कवितेच्या दोन ओळी आणि त्याखाली कुणाचंच नाव नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'जागा नव्हती.'

दत्ता हलसगीकर याच शहराचे. त्यांची 'उंची' ही कविता वर्षानुवर्षं अशीच निनावी फिरते आहे. समजा, एखाद्या चादरीच्या दुकानानं तिच्या दोन ओळी दिवाळी सेलच्या बॅनरवर आणि इन्स्टा पेजवर टाकल्या. हलसगीकर २०१२ साली गेले. आपला कॉपीराइट कायदा कवीच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राखतो. म्हणजे २०७२ संपेपर्यंत ही कविता 'सगळ्यांची' नाही.

इथं 'फेअर यूज'ची ढाल पुढे येते. आपल्या कायद्यात शब्द आहे 'फेअर डीलिंग', आणि त्याची दारं मोजकी आहेत. कलम ५२ मध्ये खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन ही कारणं दिली आहेत. चादरी विकणं त्यात नाही. कवितेवर लेख लिहून त्या ओळी दिल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. 'दोनच ओळी घेतल्या' हाही बचाव लंगडा आहे. किती शब्द चालतात असा आकडा कायद्यात नाहीच. उचललेला भाग मूळ रचनेत किती महत्त्वाचा, हे पाहिलं जातं. जाडजूड कादंबरीतलं एक वाक्य आणि छोट्या कवितेचा गाभा असलेल्या दोन ओळी, यांचं वजन सारखं कसं असेल?

मग नाव टाकलं की झालं का? नाही. इथंच बहुतेकजण फसतात. श्रेय ही एक गोष्ट, परवानगी दुसरी. नाव टाकून परवानगी मिळत नाही, आणि परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही. कलम ५७ प्रमाणे कवीनं हक्क विकले तरी कर्तेपणाचा दावा त्याचाच राहतो. ओळीत 'आमच्या चादरी' घुसडून कवीच्या लौकिकाला धक्का लावलात, तर वारसही आक्षेप घेऊ शकतात. ('व्हॉट्सअ‍ॅप साभार' हे श्रेय नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपनं कविता लिहिलेली नाही.)

परवानगी मागणं अवघड नाही. संग्रहाच्या प्रकाशकाला किंवा कवीच्या घरच्यांना लेखी विचारा: कुठल्या ओळी, किती बॅनर, किती दिवस, पेजवर जाहिरात म्हणून की नुसती पोस्ट. हक्क नक्की कुणाकडे आहेत, हेही त्याच पत्रात विचारा, कारण प्रकाशकाकडे फक्त पुस्तकापुरतेच असू शकतात. ओळी फॉरवर्डमधून नको, संग्रहातून उतरवा.

नकार आला, तर सोलापूरचेच शाहीर राम जोशी आहेत. त्यांना जाऊन दोनशे वर्षं झाली, त्यांच्या रचना खुशाल छापा. नाव मात्र तिथंही टाका. हवं तर एक शुभेच्छुक कमी करा.