त्यांचा निर्विकार चेहरा, तिचा न दिसणारा थकवा

वाचकहो, पुंडलिकनगरातील सत्तरीच्या घरातील एक बाई मध्यंतरी माझ्याकडे आल्या, त्या यजमानांच्या औषधांची चिठ्ठी नव्याने लिहून घेण्यासाठी. ओळख पटू नये म्हणून त्यांच्या घरातील काही तपशील मी येथे बदलले आहेत. यजमान वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, गेली सात वर्षे पार्किन्सन्सचे रुग्ण. मुलगा पुण्यात नोकरीला. चिठ्ठी हातात घेऊन त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तेथूनच म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? मी इतकं करते, पण यांच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही हो. माणूस घरात आहे की नाही, कळत नाही."

मी त्यांना परत बसवले आणि सहज म्हणून त्यांचाच रक्तदाब मोजला. तो १७०/१०० भरला. स्वतःची गोळी त्यांनी दोन महिन्यांपासून घेतली नव्हती. कारण विचारले, तर म्हणाल्या, "यांच्या पाच वेळच्या गोळ्या सांभाळताना माझी राहूनच जाते."

दीर्घ आजाराच्या घरात अशा दोन गोष्टी एकाच वेळी दडून राहतात. रुग्णाचे प्रेम आजारामुळे चेहऱ्यावर येत नाही आणि शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा कर्तव्याच्या भावनेखाली झाकला जातो. दोघेही एकमेकांच्या चेहऱ्याचा चुकीचा अर्थ लावत राहतात. आज आपण त्या घरात काय काय केले, ते क्रमाने पाहू.

प्रथम चेहऱ्याविषयी. पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे आपण विचार न करता ज्या हालचाली करतो, त्या सर्व मंदावतात. चालताना हात हलणे, पापण्यांची उघडझाप, कोणी समोर आल्यावर ओठांवर येणारे स्मित, या साऱ्या त्याच हालचाली होत. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, डोळे एकटक पाहतात, आवाज बारीक आणि एकसुरी होतो. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस रागावला आहे किंवा याला कशाचेच काही राहिलेले नाही. आतली भावना मात्र पुष्कळदा जशीच्या तशी असते. हे मी बाईंना सांगितले आणि पुढच्या भेटीत यजमानांना त्यांच्यासमोरच विचारले. त्यांना शब्द जुळवायला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, "ती रात्री उठते, तेव्हा मला लाज वाटते." बाईंनी हे वाक्य सात वर्षांत प्रथमच ऐकले होते.

येथे एक सावधगिरी हवी. या आजारात खरे नैराश्यही पुष्कळांना येते आणि ते निर्विकार चेहऱ्यामागे सहज लपते. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये, शब्दांत विचारावे. आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, भूक गेली असेल, 'आता नको झाले' असे उद्गार येत असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत.

आता थकव्याकडे वळू. 'तुम्ही थकता का?' असे विचारले, तर आपल्याकडची गृहिणी 'नाही' असेच म्हणते. म्हणून मी त्यांना एक साधे काम दिले. उशाशी कागद-पेन्सिल ठेवायची आणि तीन रात्री, जितक्या वेळा उठावे लागेल तितक्या वेळा फक्त वेळ आणि कारण लिहायचे. त्यांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर लिहून आणले. पहिल्या रात्रीची नोंद अशी होती: ११.४० लघवी, १.१५ कूस बदलून दिली, ३.३० लघवी, ४.४५ कूस, ५.३० नळाला पाणी. आपल्या शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, हे येथील वाचकांना सांगायला नको. पाण्याचा दिवस म्हणजे मोटर लावणे, टाक्या भरणे, आणि ही कामे पूर्वी यजमान करीत असत. त्या रात्री बाईंची सर्वांत लांब सलग झोप सव्वादोन तासांची होती. अशा झोपेवर वर्षानुवर्षे काढणाऱ्या माणसाचा रक्तदाब चढतो, चिडचिड वाढते, विसर पडू लागतो. बाईंना आपल्याला स्मृतिभ्रंश होतो आहे, अशी भीती वाटत होती. आधी झोप सुधारून पाहू, असे आम्ही ठरवले.

कागद समोर असला की उपाय नेमका शोधता येतो. लघवीसाठी दोनदा उठणे होते. यजमान दिवसभर कमी पाणी पीत आणि रात्री गोळीबरोबर दोन पेले रिचवीत. एकूण पाणी कमी करायचे नव्हते, कारण या आजारात बद्धकोष्ठता आणि उभे राहताना रक्तदाब घसरणे, हे दोन्ही त्रास असतात. म्हणून पाण्याचा मोठा वाटा सकाळ-दुपारकडे सरकवला आणि रात्रीच्या जेवणानंतर गोळीपुरतेच घोट ठेवले. प्रोस्टेट, मूत्रसंसर्ग आणि साखर यांची तपासणी करून घेतली. पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवले. उठायचेच झाल्यास आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहायचे, हा नियम केला.

कूस बदलण्याचा प्रश्न निराळा. दिवसाच्या औषधाचा परिणाम रात्री ओसरतो आणि शरीर ओंडक्यासारखे जड होते. जाड सुती चादर आणि गोधडी अंगाला धरून ठेवतात. म्हणून कमरेपासून मांडीपर्यंत येईल एवढाच सॅटिनचा गुळगुळीत पट्टा गादीच्या मधोमध अंथरला. कडेला सुती चादरच ठेवली, नाहीतर काठावर बसताना माणूस घसरतो. पलंगाला धरण्यासाठी दांडी बसवली आणि गोधडीऐवजी हलके पांघरूण दिले. रात्रीच्या औषधाविषयी मेंदूविकारतज्ज्ञांना त्या नोंदीचा कागद दाखवला आणि त्यांनी मात्रेत बदल केला. हा बदल घरी कोणीही करू नये आणि पार्किन्सन्सचे औषध एकाएकी थांबवणे तर धोक्याचेच आहे. महिन्याभराने बाईंची सलग झोप चार तासांच्या पुढे गेली. विसराळूपणाही ओसरू लागला.

यानंतर प्रश्न उरला तो नात्याचा. बाई एकदा म्हणाल्या, "दिवसातून वीस वेळा यांना हात लावते, पण नुसता हात हातात घेतलेला आठवत नाही." अंघोळ, कपडे, कूस, घास, या साऱ्या स्पर्शांत पत्नीची हळूहळू परिचारिका होते आणि पतीचा रुग्ण. यावर उपाय म्हणजे काही कामे परक्या हातांकडे देणे. आठवड्यातून तीन दिवस अंघोळीसाठी एका मदतनीस काकांना बोलवावे, असे ठरले. पहिला प्रयत्न फसला, कारण यजमानांनी दारच उघडू दिले नाही. मग काकांनी पहिले चार दिवस केवळ फिरवायला नेले, पाचव्या दिवशी पाठीला तेल लावले आणि पुढच्या आठवड्यात अंघोळ घातली. संकोची माणसाला परका हात असाच पायरीपायरीने चालतो.

दुसरे म्हणजे दिवसातला बरा तास ओळखणे. लेव्होडोपाची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घेतली, तर साधारण पाऊण ते एक तासात अंग मोकळे होते. दूध, डाळ, अंडी यांसारख्या प्रथिनांबरोबर घेतली, तर काहींना परिणाम उशिरा आणि कमी जाणवतो. या घरात गोळी सकाळी सातला आणि चहा पावणेआठला, असे ठरवले. पूर्वी बाई नेमक्या याच मोकळ्या वेळात दाढी, अंघोळ, व्यायाम, सगळे उरकून घेत. आता त्यातला पाऊण तास कोणतेच काम न करता दोघांनी ओट्यावर बसायचे, असे ठरले. त्या वेळात यजमान दुधाचा आणि वाणसामानाचा हिशेब तोंडी सांगतात आणि बाई लिहून घेतात, कारण त्यांचे स्वतःचे अक्षर आता मुंगीएवढे होते. विजेचे बिल, पेन्शन आणि बँकेचे काय करायचे, हा निर्णय पुन्हा त्यांच्याकडे आला. काम करण्याची ताकद गेली, म्हणून ठरवण्याचा अधिकार जात नाही. तो काढून घेतला की माणूस खरोखर रुग्ण होतो.

शरीरसंबंधाविषयी दोन वाक्ये, कारण हे कोणी विचारत नाही. या आजारात इच्छा कमी होऊ शकते. उलट, काही औषधांनी ती अनावर वाढते, किंवा जुगाराची, खरेदीची ओढ लागते. हा स्वभावाचा दोष नव्हे, औषधाचा दुष्परिणाम आहे. संकोच न करता डॉक्टरांच्या कानावर घालावे, म्हणजे औषध बदलता येते.

वाचकहो, शुश्रूषेच्या ओझ्याचे मोजमाप शास्त्रानेही केले आहे. अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६६ ते ९६ वयाच्या पती-पत्नींचा त्यात चार वर्षे मागोवा घेतला होता. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ताण न जाणवता शुश्रूषा करणाऱ्यांत मात्र अशी वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा जीव घेत नाही, विसावा नसलेली सेवा घेते.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःविषयी काही खुणा जाणून असाव्यात. स्वतःच्या गोळ्या वारंवार चुकणे, चार तासही सलग झोप नसणे, क्षुल्लक गोष्टीवरून हात उगारावासा वाटणे, आणि 'हे सारे आता संपावे' असा विचार मनात येऊन पुढे दिवसभर अपराधी वाटणे. शेवटचा विचार आला, म्हणून आपण वाईट ठरत नाही. तो अतोनात थकव्याचा सूर आहे. परंतु तो वरचेवर येत असेल, तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

दूर राहणाऱ्या मुलांनाही एक सांगणे. 'आई, स्वतःची काळजी घे' या वाक्याने आईची एक मिनिट झोपही वाढत नाही. या घरातल्या मुलाने मदतनीस काकांचा पगार स्वतःकडे घेतला आणि महिन्यातून दोन रात्री येऊन वडिलांच्या खोलीत तो झोपू लागला. त्या दोन रात्री आई वरच्या खोलीत दार लावून झोपते. काका येतात त्या तीन दिवसांत गुरुवार येईल असे पाहिले आणि तीन वर्षे सुटलेले गजानन महाराज मंदिरात जाणे पुन्हा सुरू झाले.

आजार थांबलेला नाही. गेल्या महिन्यात यजमानांचे पाय दारात दोनदा खिळले आणि पुढे आणखी मदत लागेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. मात्र परवा बाई आल्या, त्या स्वतःचा रक्तदाब दाखवायला. १३८/८४. जाताना म्हणाल्या, "काल ओट्यावर बसलो होतो, तर यांनीच माझा हात धरला. चेहरा तसाच होता. पण आता मी चेहऱ्याकडे बघत नाही."

आपल्या घरी असे आजारपण असेल, तर आज रात्रीच उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. आणि उद्या सकाळी जोडीदाराची गोळी देताना स्वतःची गोळी त्याच डबीत आहे ना, ते पाहा.