विश्लेषण : व्हेंटिलेटर ‘चालू’ आहे, हे कशावरून ठरवायचे?

रुग्णालयात व्हेंटिलेटर किती, हा आकडा सहज मिळतो. त्यापैकी आज रात्री रुग्णाला लावता येतील असे किती, याचे उत्तर मात्र एका साध्या नोंदवहीत असते. व्हेंटिलेटर आणि इन्फ्युजन पंप यांच्या देखभालीची ही नोंदवही नेमकी कशी असावी, ती चुकते कुठे आणि बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळ्यासारख्या गावाचा तिच्याशी काय संबंध, याचा हा आढावा.

औरंगाबादचा वाद काय होता?

मे २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट शिगेला असताना तेव्हाच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला केंद्राकडून आलेल्या १५० व्हेंटिलेटरचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. यापैकी ११३ यंत्रे वापरात आणली असता सदोष आढळली आणि ३७ यंत्रे खोक्यातून काढलेलीच नव्हती, असे न्यायालयाला सांगण्यात आले. आत येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब पडद्यावर न दिसणे, यंत्र लावलेले असतानाच रुग्णाच्या शरीरातील ऑक्सिजन कमी होणे, अशा तक्रारी होत्या.

केंद्राने हे मान्य केले नाही. दोष यंत्राचा नसून ते हाताळण्यात चूक होत असल्याचा सूर केंद्राकडून लावला गेला. काही यंत्रांत तर रुग्णालयाने फ्लो सेन्सरच बसवला नव्हता, असेही सांगण्यात आले. एकमेकांवर दोष ढकलण्याच्या या पवित्र्यावर खंडपीठाने नाराजी व्यक्त केली.

कोण बरोबर होते, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. असा वाद सोडवायचा तर प्रत्येक यंत्राची स्वतंत्र कथा हवी. ते कोणत्या दिवशी बसवले, बसवताना कोणत्या चाचण्या झाल्या, आकडे काय आले, पहिला बिघाड कधी आणि कोणाच्या लक्षात आला, हे त्या यंत्राच्या नावाने लिहिलेले असेल तर सेन्सर बसवला होता की नव्हता, यावर दोन मते उरत नाहीत. ‘११३ सदोष’ हा आकडा बातमी होतो, पण यंत्र दुरुस्त करायला तो पुरत नाही.

‘ओके’ लिहिणे का पुरेसे नाही?

प्रतिबंधात्मक देखभाल म्हणजे यंत्र बंद पडण्याआधी ठरलेल्या तारखेला केलेली तपासणी. अनेक ठिकाणी या तपासणीची नोंद तारीख, ‘ओके’ हा शेरा आणि न वाचता येणारी सही, एवढ्यावर संपते. यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

इन्फ्युजन पंपाचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठरलेल्या वेगाने नळीतून औषध देणारे हे छोटे यंत्र. पंपावर ताशी ६० मिलीलिटर वेग लावला आणि अर्धा तास पाणी मोजपात्रात सोडले, तर ३० मिलीलिटर जमायला हवे. जमले २७. म्हणजे पंप दहा टक्के कमी देतो आहे. बहुतेक पंपांचे उत्पादक सुमारे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरतात, म्हणजे हा पंप नापास. गंमत अशी, की पंपाच्या पडद्यावर मात्र ‘६०’ हाच आकडा दिसत असतो आणि अलार्मही वाजत नाही. साध्या सलाईनला हा फरक चालून जाईल. रक्तदाब टिकवणारे औषध त्याच पंपातून जात असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस रुग्णाला मिळतच नाही आणि दोष औषधाला दिला जातो.

आता कारण शोधायचे. वहीत मागच्या तपासणीचा आकडा लिहिलेला असेल, समजा २९.७, तर पंप तेव्हा ठीक होता हे कळते. मधल्या काळात काय बदलले, हा पुढचा प्रश्न. नेहमीचे उत्तर म्हणजे आयव्ही सेट. पंप नळीला बाहेरून दाबत औषध पुढे ढकलतो. त्यामुळे नळीची जाडी आणि लवचिकता बदलली की दर दाबाला पुढे जाणारे औषधही बदलते. खरेदीत दुसऱ्या कंपनीचे स्वस्त सेट आले आणि पंप त्या सेटसाठी कॅलिब्रेट केला नाही, तर चांगला पंपही खोटे बोलू लागतो. अशा वेळी मोटर बदलून उपयोग नसतो. योग्य सेट वापरणे किंवा पंपात त्या सेटची निवड करून पुन्हा मोजणे, हाच उपाय.

म्हणून वहीत दोन आकडे लागतात. दुरुस्तीआधी यंत्र कसे सापडले आणि दुरुस्तीनंतर कसे सोडले. वरच्या उदाहरणात ‘आधी २७, नंतर २९.८, सेट बदलला’ एवढी नोंद पुरे. ‘ओके’ या शेऱ्यात ही सारी माहिती गाडली जाते.

खोक्यात ठेवलेले यंत्र खराब कसे होते?

व्हेंटिलेटरच्या बाबतीत एक समज पक्का असतो : वापरलेच नाही, तर बिघडेल कसे? त्याचे दोन भाग मात्र वापर नसतानाही झिजतात.

पहिला भाग ऑक्सिजन सेल. रुग्णाला जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे, हे तो मोजतो. अनेक व्हेंटिलेटरमध्ये हा सेल रासायनिक असतो. घड्याळातल्या बॅटरीसारखा तो हळूहळू संपतो आणि साधारण एक-दोन वर्षांत बदलावा लागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. साध्या हवेत त्याने २१ टक्के दाखवायला हवेत आणि शुद्ध ऑक्सिजनवर १०० च्या जवळ. शुद्ध ऑक्सिजनवर तो ८४ वरच अडकला आणि कॅलिब्रेशननंतरही वर येत नसेल, तर सेल संपत आला आहे. वहीत प्रत्येक वेळचे आकडे असतील, तर ९९, ९६, ९१ असा उतार दिसतो आणि नवा सेल वेळेत मागवता येतो. आकडे नसतील, तर बिघाड रुग्ण दाखल झाल्यावरच समजतो.

दुसरा भाग बॅटरी. महिनोन्‌महिने चार्ज न केलेली बॅटरी मरते. पडद्यावर ती पूर्ण भरलेली दिसेल, पण प्लग काढल्यावर यंत्र प्रत्यक्षात किती मिनिटे चालते, हेच मोजावे लागते आणि ती मिनिटे वहीत लिहावी लागतात. म्हणून भांडारात पडून असलेल्या यंत्रालाही वहीत पान हवे. पुढच्या तपासणीची तारीखही दोन मापांनी ठरावी : वापराचे तास आणि कॅलेंडर. दोन्हींपैकी जे आधी भरेल, ते धरायचे.

तीन तारखा कोणत्या?

केंद्राचा जैववैद्यकीय उपकरणे देखभाल कार्यक्रम २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत सुरू झाला. त्यासाठी केलेल्या मोजणीत राज्याराज्यांतील सरकारी आरोग्य संस्थांमधील १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. त्यानंतर यंत्र किती काळ चालू राहिले पाहिजे, याची मर्यादा ठरली : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. सेवा देणाऱ्या कंपनीशी होणारा करार या टक्केवारीशी जोडलेला असतो.

९५ टक्के ऐकायला कडक वाटते. वर्षाच्या हिशेबात त्याचा अर्थ यंत्र सुमारे १८ दिवस बंद राहू शकते. आता हे १८ दिवस मोजायचे कुठून? समजा, पंप ३ तारखेला बंद पडला. वॉर्डमधील सिस्टरने तो कपाटावर ठेवून दिला. तक्रार ९ तारखेला नोंदवली गेली आणि २१ तारखेला पंप दुरुस्त होऊन परतला. तक्रारीपासून मोजले तर १२ दिवस, म्हणजे वर्षाचे सहा दिवस अजून शिल्लक. बिघाडापासून मोजले तर १८ दिवस, म्हणजे एकाच बिघाडात वर्षाची मर्यादा संपली.

मधले सहा दिवस कंपनीच्या खात्यात पडत नाहीत आणि रुग्णालयाच्याही नाही. रुग्णासाठी मात्र पंप तेव्हाही बंदच होता. म्हणून बिघाड दिसला ती तारीख, तक्रार नोंदवली ती तारीख आणि यंत्र पुन्हा वापरात आले ती तारीख, असे तीन वेगळे रकाने हवेत. पहिल्या दोन तारखांमधले अंतर रुग्णालयाचे, पुढचे कंपनीचे. कोणाला जाब विचारायचा, हे मग आपोआप स्पष्ट होते.

जबाबदारी कोणाची?

येथेही एक सही पुरत नाही. रोज वापराआधीची तपासणी, म्हणजे नळ्यांतील गळती, अलार्म आणि फिल्टर पाहणे, हे यंत्र हाताळणाऱ्या परिचारिकेचे किंवा तंत्रज्ञाचे काम. ठरावीक मुदतीची मोजणी आणि सुटे भाग बदलणे बायोमेडिकल इंजिनिअरचे. दुरुस्त यंत्र पुन्हा रुग्णाला लावण्यास योग्य आहे, हे स्वीकारण्याची सही विभागप्रमुखाची. दुरुस्त करणाऱ्यानेच स्वीकारल्याची सही केली, तर तपासणी एकाच माणसाच्या शब्दावर राहते.

याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. एका सिस्टरकडे डझनभर रुग्ण असतील, तर चार पानी तक्ता भरला जाणार नाही. भरला गेला तर महिनाअखेरीस एकत्र बसून. एकाच शाईत, एकाच अक्षरात तीस दिवसांच्या नोंदी दिसल्या की ते ओळखता येते. रोजची नोंद एका ओळीची ठेवणे आणि मोजणीचा भार इंजिनिअरवर टाकणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

सोनाळ्याचा संबंध काय?

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा आहे. अत्यवस्थ रुग्णाला येथून शेगाव, खामगाव किंवा अकोल्याची वाट धरावी लागते. त्यामुळे अशा गावातील रुग्णाची व्हेंटिलेटरशी पहिली गाठ अतिदक्षता विभागात पडेलच असे नाही. ती १०८ च्या रुग्णवाहिकेत पडू शकते. राज्यात २०१४ मध्ये ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यातील २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या, म्हणजे व्हेंटिलेटरसारखी साधने असलेल्या होत्या. धावत्या गाडीत बॅटरीचा प्रश्न कागदावरचा राहत नाही. शेवटच्या चाचणीत ती किती मिनिटे चालली, हा आकडा प्रवासाच्या वेळेपेक्षा मोठा आहे का, एवढेच पाहायचे असते.

नागरिकांना काय करता येईल?

या नोंदवहीत रुग्णाचे नाव नसते, त्यामुळे ती गोपनीय ठेवण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ नुसार तिची प्रत मागता येते आणि माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ‘व्हेंटिलेटर किती आहेत’ असे विचारले, तर खरेदीचा आकडा मिळेल. त्याऐवजी प्रत्येक यंत्राचा क्रमांक, शेवटच्या देखभालीची तारीख, मोजलेले आकडे आणि बिघाडाच्या तीन तारखा मागाव्यात. रुग्णालयांनी हा तक्ता दर महिन्याला स्वतःहून दर्शनी भागात लावला, तर अर्जाची गरजच उरणार नाही. कर्मचाऱ्याच्या नावाऐवजी पदनाम लिहिले, तरी चालेल.

नवी यंत्रे आली की फीत कापली जाते आणि छायाचित्र छापून येते. पुढची सात-आठ वर्षे त्या यंत्राचे काय झाले, हे मात्र वहीच सांगू शकते. ज्या यंत्राचे पान कोरे आहे, ते यंत्र पुन्हा तपासले जाईपर्यंत ‘उपलब्ध’ यंत्रांच्या संख्येत धरले जाऊ नये.