एक किलो साखरेचा चकवा



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी प्राथमिक शाळेत जाणारी धाकटी भावंडे असतील. अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे घेऊन ती तुमच्याकडे येत असतील. वाण्याकडून साखर आणली, भाजीवाल्याकडून बटाटे घेतले, अशी ती उदाहरणे. उदाहरण सोडवायचे, पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर पाहायचे आणि जुळले की बरोबरची खूण करायची, ही आपली नेहमीची रीत. ही रीत अपुरी आहे असे माझे मत आहे. ते कसे बनले, तेच आज सांगतो.

आमच्या शेजारची चौथीतली मुलगी एकदा वही घेऊन माझ्याकडे आली. उदाहरण असे होते : आईने १ किलो साखर आणली. त्यातील अर्धी साखर लाडवांना लागली आणि पाव किलो साखर तिने शेजारच्या काकूंना दिली. किती साखर उरली? मुलीने उत्तर लिहिले होते, पाव किलो. उत्तरसूचीतही १/४ किलो हेच होते.

प्रयोगशाळेत आम्ही एखादी राशी मुद्दाम बदलून पाहतो. त्याच सवयीने मी म्हटले, "आता आईने १ नव्हे, २ किलो साखर आणली असे समज. बाकी सगळे तेच." तिने क्षणात सांगितले, "सव्वा किलो, काका!" कसे, असे विचारताच ती म्हणाली, "दोनातून अर्धा गेला, दीड राहिला. दीडातून पाव गेला, सव्वा राहिला."

वजाबाकी अगदी चोख! पण उत्तर चूक. २ किलोंतील अर्धी साखर म्हणजे १ किलो. राहिली १ किलो. तिच्यातून पाव किलो दिली, म्हणजे उरली पाऊण किलो. मुलीने 'अर्धी साखर' हे शब्द 'अर्धा किलो साखर' असे वाचले होते. पहिल्या उदाहरणातही तिने हेच केले होते. पण तेथे ही चूक दिसलीच नाही.

ती का दिसली नाही, हे नीट पाहा. 'अर्धा किलो' हे ठरलेले माप आहे. ते मुंबईत, नागपुरात, कोठेही ५०० ग्रॅमच. 'अर्धी साखर' हे मात्र ठरलेले माप नाही. समोर जेवढी साखर असेल तिचे दोन सारखे भाग करून एक भाग घ्यायचा, एवढेच ते सांगते. म्हणून ती किती हे कळायला, कशाची अर्धी, हे आधी विचारावे लागते. मूळ साखर नेमकी १ किलो असेल, तर मात्र दोन्ही अर्थांचे उत्तर एकच येते.

सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन तापमापकांचे उदाहरण घ्या. उणे ४० अंशांवर दोन्हींचा आकडा एकच असतो. फक्त तेवढ्या थंडीतच तापमापक पाहिला, तर तो कोणत्या मापाचा हे सांगता येणार नाही. १ किलोचे उदाहरण हे अपूर्णांकांचे असेच 'उणे ४०' आहे. समजलेले मूल आणि न समजलेले मूल, दोघेही तेथे एकाच उत्तरावर येऊन थांबतात आणि उत्तरसूची दोघांनाही शाबासकी देते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की अशा उदाहरणात मूळ वस्तू १ किलो, १ लिटर किंवा १ मीटर घेऊ नये. २ किंवा ३ घ्यावी. दुसरे म्हणणे उत्तरसूचीविषयी. ती सोपीच असावी. चाळीस वह्या तपासणाऱ्या गुरुजींना लांबलचक सूची कशी परवडेल? पण बरोबर उत्तराशेजारी एक ओळ वाढवावी : अमुक चुकीचे उत्तर आले, तर गैरसमज तमुक. 'पाऊण किलो. सव्वा किलो आल्यास : अर्धी साखर म्हणजे अर्धा किलो असे वाचले.' एवढ्याने मुलाला नेमके काय समजावायचे ते कळते. नुसती फुली पाहून ते बिचारे बरोबर असलेली वजाबाकीच पुन्हा पुन्हा करीत बसते.

तिसरी गोष्ट दुकानाची. उदाहरण दुकानाचे असेल, तर ते दुकानात घडण्याजोगे हवे. भाजीवाल्याची वजने पाहा. ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, मग १ आणि २ किलो. त्यांत २५० ग्रॅमचे वजन नसते. पाव किलोसाठी तो २०० आणि ५० ग्रॅमची वजने टाकतो आणि पाऊण किलोसाठी ५००, २०० आणि ५० ग्रॅमची. पण १/३ किलो साखर तो कशी तोलणार? अपूर्णांक तृतीयांशाचा हवा असेल, तर केळ्यांचा डझन घ्यावा. १२ चे तीन सारखे भाग सहज होतात.

भावाचेही तसेच आहे. बटाटे किलोला ४० रुपये असतील, तर सूची म्हणते, पाव किलोचे १० रुपये. पण पाव किलोच घेतले तर १५ रुपये मागणारे भाजीवाले पुष्कळ असतात. बाजारात जाणारे मूल १५ लिहील आणि त्याला फुली मिळेल. चूक मुलाची नाही. उदाहरणात 'याच दराने' हे दोन शब्द राहून गेले.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त ही काळजी घेतलेली दिसते. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी नाण्यांचे कोष्टक दिले आहे : २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या. पुढे एका कंजूष माणसाचे उदाहरण येते. त्याने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा हिस्सा दिला. पहिल्या तीन अपूर्णांकांचा गुणाकार १/४. त्याचा पाचवा हिस्सा १/२०, त्याचा सोळावा १/३२० आणि त्याचा चौथा १/१२८०. म्हणजे नेमकी एक कवडी! प्रत्येक पायरीला 'कशाचा' हे विचारावेच लागते आणि शेवटी येणारे उत्तर हातावर ठेवता येते.

आता ही तीन उदाहरणे तुमच्या भावंडांना घाला.

१. ३ किलो तांदूळ आणले. त्यातले अर्धे दळायला दिले, पाऊण किलो भाताला काढले. किती उरले?
२. शेंगदाणे किलोला १६० रुपये. याच दराने पाऊण किलोचे किती रुपये?
३. २ डझन केळी आणली. एक तृतीयांश मुलांनी खाल्ली. उरलेल्यातली पाव शेजारी दिली. किती राहिली?

उत्तरे :
१. पाऊण किलो. पावणेदोन किलो आल्यास : अर्धे तांदूळ म्हणजे अर्धा किलो असे वाचले.
२. १२० रुपये. ४० आल्यास : पाऊण आणि पाव यांत गोंधळ.
३. १२ केळी. १० आल्यास : पाव भाग उरलेल्यांचा न घेता सगळ्या २४ केळ्यांचा घेतला.

उत्तर बरोबर आले तरी एक प्रश्न अवश्य विचारा : "अर्धे म्हणजे कशाचे अर्धे?" कारण अंदाजाने आलेले बरोबर उत्तर कोणत्याही सूचीला ओळखता येत नाही.