सेलचं आमंत्रण

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की गावातल्या दुकानांच्या फेसबुक पोस्ट सुरू होतात. तालुक्याच्या गावातलं साड्यांचं एखादं दुकान घ्या. पोस्ट साधारण अशी असते: ‘धमाका! महाधमाका! ५० टक्क्यांपर्यंत सूट! फक्त ३ दिवस! स्टॉक मर्यादित! आजच या, नाहीतर पस्तावाल! किमतीसाठी इनबॉक्स करा. पाच मैत्रिणींना टॅग करा. अटी लागू.’

दुकानदाराची बाजू आधी समजून घ्यायला हवी. त्याने माल उधारीवर भरलेला असतो आणि दिवाळीत तो हलला नाही तर पैसा लग्नसराईपर्यंत अडकतो. शेजारच्या दुकानावर फ्लेक्स आहे, ऑनलाइन कंपन्यांचे सेल दसऱ्याआधीच सुरू झालेत. अशा गजबजाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू जाणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. मुदत आणि सूट हीही खरी माहिती आहे. ती गाळून नुसतं ‘आपलं सहर्ष स्वागत’ लिहिलं, तर गिऱ्हाइकाच्या हाती काहीच पडत नाही.

म्हणून मुदत राहू द्यावी, सूटही राहू द्यावी. खटकतं ते दुसरंच. ‘पर्यंत’ म्हणजे नेमकं कशावर, हे सांगितलेलं नाही. किंमत लपवली आहे, म्हणजे नुसतं विचारलं तरी दुकानाचे मेसेज मागे लागणार. आणि घाई करा म्हटलंय, पण घाई कशाची ते नाही.

त्याच मालाची पोस्ट अशी लिहिता येईल:

‘दिवाळीच्या साड्या लावल्या आहेत. सेमी पैठणी १,८०० ते ४,५०० रुपये, नव्या मालावर १० टक्के सूट. उन्हाळ्यातल्या सुती साड्या निम्म्या किमतीत, पण त्या चाळीसच उरल्या आहेत. सूट शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशीपर्यंत. ब्लाउज शिवून हवा असेल तर ५ तारखेपर्यंत या, त्यानंतर आमचे टेलर दिवाळीआधीचं काम घेत नाहीत. दुकान सकाळी १० ते रात्री ९, दुपारीही उघडं. नुसत्या बघायला आलात तरी साड्या उलगडून दाखवू.’

इथेही घाई आहेच, उलट पहिल्या पोस्टपेक्षा जास्त पटणारी आहे. टेलर हातचं काम संपेपर्यंत नवे ब्लाउज घेत नाही, हे घराघरांत माहीत असतं. त्यामुळे ५ तारीख धमकीसारखी वाटत नाही, वेळेवर मिळालेला निरोप वाटते. चाळीस साड्यांचंही तसंच. मात्र चाळीस लिहिलं तर दुकानात चाळीसच असाव्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही आमिषाच्या जाहिरातीत माल पुरेसा नसेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. २०२३ च्या तत्त्वांनी खोटी घाई उभी करणं हे फसव्या प्रकारांत धरलं आहे.

आता तारखेचं. फेसबुकवर पोस्ट टाकली त्या क्रमाने दिसतेच असं नाही. मंगळवारची पोस्ट कुणाला शुक्रवारी दिसते. ‘आजच या’ किंवा ‘फक्त ३ दिवस’ तेव्हा निरर्थक होतं, कधीकधी दिशाभूलही करतं. वार आणि तारीख लिहिली की हा घोळ राहत नाही. शिवाय लांब पोस्टच्या वरच्या काही ओळीच दिसतात, बाकी मजकूर दाबल्यावर उघडतो. त्या मोक्याच्या जागी तीनदा ‘धमाका’ लिहिला तर साडी आणि किंमत खाली दडून बसतात. टॅग करायला लावणंही अंगाशी येतं. लाइक, शेअर, टॅग मागणाऱ्या पोस्ट कमी लोकांना दाखवू, असं फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं.

किंमत उघड करण्याबद्दल माझं मत दुकानदारांना सहज पटणार नाही. समोरचा दुकानदार ती वाचून पन्नास रुपयांनी उतरेल, ही भीती खोटी नाही. पैठणीसारख्या मालात कापड आणि काम हातात घेतल्याशिवाय किमतीचा अर्थही लागत नाही. तरी पट्टा सांगायला हरकत नसावी. दोन हजारांच्या बेताने निघालेल्या बाईला आपल्याजोगं काही आहे की नाही हे घरीच कळलं, तर काउंटरवर तिला ओशाळावं लागत नाही. हे मला भावापेक्षा मोठं वाटतं.

अशा साध्या पोस्टने पहिल्याच दिवशी झुंबड उडेल, असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटचा गठ्ठा संपवायचा असेल तर मोठा आकडा आणि ठळक तारीख जास्त काम करते, आणि माल खरोखर तसा असेल तर त्यात गैर काही नाही. पोस्ट जमली की नाही हे लाइकवरून ठरवू नये. खाली पुन्हा पुन्हा ‘किंमत?’, ‘रविवारी उघडं आहे का?’ असंच येत असेल, तर तीच माहिती राहून गेली आहे. त्याच पोस्टमध्ये दुरुस्ती करून ती वरच्या दोन ओळींत घालावी आणि चाळीस साड्या संपल्या की ती ओळ त्याच दिवशी काढावी.