निरोप देताना

अॅप बंद करायचं तर दोन तारखा हव्यात: सेवा थांबण्याची आणि माहिती बाहेर काढता येण्याची. गुगल पॉडकास्ट्सने हे नेमकं केलं. अमेरिकेत 2 एप्रिल 2024 नंतर त्यावर ऐकणं थांबलं, पण सबस्क्राइब केलेल्या कार्यक्रमांची यादी उतरवून घेण्याची सोय जुलैपर्यंत चालू राहिली. ही मोकळीक फार मोलाची, कारण पुष्कळांना सूचना वाचूनही जाग येते ती अॅप उघडेनासं झाल्यावरच. यादी मिळत होती ओपीएमएल फाइलमध्ये, जी दुसरी पॉडकास्ट अॅप्स सहज वाचतात. मात्र तिच्यात फक्त कार्यक्रमांचे पत्ते असतात, कुठला भाग कुठवर ऐकला ते नाही. ही उणीव आधीच सांगायला हवी. स्टोअरमधून अॅप काढण्याचाही क्रम आहे. निर्यातीचं बटण असलेली शेवटची आवृत्ती आधी पोचवावी, मगच प्ले स्टोअरवर अॅप ‘अनपब्लिश’ करावं. त्याने नवे लोक येणं थांबतं. जुन्यांच्या फोनमधलं अॅप तसंच राहतं, म्हणून सर्व्हर मात्र निर्यातीची मुदत संपेपर्यंत चालूच ठेवावा लागतो.