चवदार तळ्याचा फलक कोठे संपवायचा?

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबरला पनवेलवरून गोवा महामार्गाने हजारो भीमसैनिक महाडकडे जातात. त्यांना चवदार तळे काय आहे हे सांगावे लागत नाही. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेथे शाळेची सहल येते, कोकणात फिरायला निघालेला पर्यटक थांबतो आणि महाडचा माणूस तळ्यावरून रोज ये-जा करतो. या तिघांना तळ्याने काय सांगावे? फलक आणि ध्वनिकथन यांचा विचार याच प्रश्नापासून व्हावा, असे आम्हांला वाटते.

बहुतेक ठिकाणी विषय ठरतो, सूत्र ठरत नाही. 'चवदार तळ्याचा सत्याग्रह' हा विषय झाला. सूत्र म्हणजे एक पूर्ण वाक्य, जे ऐकून पाहुणा घरी जाताना दुसऱ्याला सांगू शकेल. सूत्र नसेल तर फलकावर तारखा आणि नावे यांची गर्दी होते. आमच्या मते येथे सूत्र असे असावे : 'हक्क कागदावर आला, माणसांनी तो वापरला, आणि तो न्यायालयात टिकायला दहा वर्षे लागली.'

हे सूत्र का? कारण बहुतेकांच्या मनातली कथा २० मार्च १९२७ ला संपते. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्राशन केले आणि तळे खुले झाले, अशी. ती अपुरी आहे. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरीही अस्पृश्य तेथे पाणी भरू शकत नव्हते. सत्याग्रहानंतर वीरेश्वर मंदिरात घुसणार अशी आवई उठवून परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादि काळापासूनची असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नव्हते. म्हणजे १९२७ च्या ओंजळीवर फलक थांबवणे हा विजयाचा सोपा देखावा आहे. त्यात विरोधही झाकला जातो आणि कोर्टातली चिकाटीही.

आता फलक. उभ्याने वाचणारा माणूस फार वेळ देत नाही. तीन सेकंदांत शीर्षक, तीस सेकंदांत मुख्य मजकूर, आणि ज्याला रस आहे त्याच्यासाठी तीन मिनिटांचा तपशील, अशी मांडणी करावी. शीर्षक हे सूत्राचेच छोटे रूप असावे, 'माहिती' किंवा 'इतिहास' असे कोरडे नको. मुख्य मजकूर साठ-सत्तर शब्दांत राहावा. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार असतात; म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर अक्षरे एकमेकांत घुसतात. फलक कमरेच्या उंचीवर, किंचित तिरका ठेवावा, म्हणजे मुलाला व चाकाच्या खुर्चीतील माणसालाही वाचता येतो.

पहिल्या फलकाचा मजकूर असा होऊ शकेल : 'हे तळे १९२४ पासून कागदोपत्री सर्वांचे होते. तरी काही माणसांना त्यातले पाणी घेऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ ला ती माणसे डॉ. आंबेडकरांबरोबर इथे चालत आली आणि पाणी प्यायली. मग दहा वर्षे खटला चालला. ते जिंकले.'

मुलांचे ध्वनिकथन म्हणजे हाच मजकूर बारीक आवाजात वाचणे नव्हे. एका थांब्यावर दीड मिनिटापेक्षा जास्त नको. आधी मुलाला पायरीवर उभे करून पाण्याकडे पाहायला सांगावे, मग विचारावे : 'शाळेच्या नळावर तुला कुणी अडवले तर?' हल्ला झाला हे लपवू नये, पण मारहाणीचे वर्णन नको. पर्यटकाला आधी अस्पृश्यता म्हणजे पाण्यापाशी नेमके काय होते ते सांगावे लागेल. महाडकराला १९२७ ते १९३७ चा कमी माहितीचा भाग द्यावा. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे साथ देणारे आणि विरोध करणारे, दोघेही याच गावचे होते, हेही.

शेवटी, दगडात कोरण्याआधी मजकूर साध्या कागदावर छापून तेथे लावावा. दहा-पंधरा वाचकांना वाचून झाल्यावर विचारावे, 'काय कळले?' ते 'आंबेडकरांनी पाणी प्यायले' एवढेच सांगून थांबले, तर फलक फसला. 'कागदावरचा हक्क वापरावा लागतो' असे कुणी आपल्या शब्दांत म्हणाले, तर तो कोरावा.